कोमट पाणी वर कसं चढलं

आईने बोट बुडवलं आणि म्हणाली, "अगं, हे तर कोमट आहे."

गेल्या रविवारची गोष्ट. आई सांगलीहून आली होती. टोकियोहून परत येताना मी कपड्यांच्या मधोमध गुंडाळून आणलेला कॉफीचा सायफन ओट्यावर मांडला होता. खाली काचेचा चंबू, वर नळी असलेलं काचेचं भांडं, दोन्हीच्या मध्ये रबरी वॉशर आणि खाली स्पिरिटचा छोटा दिवा. मी चंबूत पाणी भरलं, दिवा लावला आणि फोन आला म्हणून गॅलरीत गेले. तेवढ्यात आईने वरचं भांडं नीट दाबून बसवून टाकलं, आपण डब्याचं झाकण लावतो तसं. मी परत आले तर पाणी नळीतून वर चढत होतं, एकदम नाही, हळूहळू, एखादी विहीर झिरपून भरावी तसं. आणि आईचं बोट त्यात. मी मागचा पाऊण तास तिला ऐकवत होते की बघ, पाणी उकळलं की वाफ होते आणि ती वाफ पाणी वर ढकलते. तिने एका बोटाने दाखवून दिलं की पाणी अजून उकळलेलंच नाहीये, आंघोळीच्या पाण्याइतकंही गरम नाहीये, तरी ते वर पोचलंय. "मग ढकलतंय कोण?" तिने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार वर्षं मी ही कॉफी पिते आहे, दोन वर्षं घरी करते आहे, आणि उत्तर नव्हतं. ते मला दिवसभर टोचत राहिलं.

मी सायफन पहिल्यांदा बघितला तो टोकियोत, ऑफिसजवळच्या एका जुन्या किस्सातेनमध्ये. किस्सातेन म्हणजे जपानमधली जुन्या वळणाची कॉफीची दुकानं, लाकडी काउंटर, मंद दिवे, आणि मालकाला सगळे नुसतं मास्टर म्हणतात. या मास्टरांच्या पुढ्यात पाच सायफन एका रांगेत असायचे आणि हातात बांबूची एक चपटी पट्टी. जानेवारीत बाहेर बोचरी थंडी असायची, आत आलं की चष्म्यावर धुकं साचायचं, आणि ते पुसून झालं की पहिलं दिसायचं ते पाण्याचं वर चढणं. मला तेव्हा भाषा येत नव्हती. दुकानात कुणाशी बोलायची सोय नव्हती, म्हणून मी बघत बसायचे. तो पहिला हिवाळा मला फार एकटा गेला, आणि खरं सांगते, त्यातले बरे तास याच काउंटरवर गेले. या यंत्राची सुरुवात जपानची नाही, १८३० च्या दशकात जर्मनीत असली भांडी निघाली, पुढे फ्रान्समध्ये लियोंच्या मादाम वासिए यांनी १८४१ च्या सुमारास दोन काचेच्या गोळ्यांचं पेटंट घेतलं. पण त्याला रोज वापरायचं, दुरुस्त करायचं, दहा-दहा वर्षं एकाच पद्धतीने ढवळायचं भांडं कुणी केलं असेल तर ते जपानने.

मास्टरांची एक गोष्ट मी रोज बघत होते आणि मला तिचा अर्थच कळला नव्हता. ते दिवा लावल्यावर वरचं भांडं घट्ट बसवायचे नाहीत. तिरकं टेकवून ठेवायचे. फिल्टरच्या खाली मण्यांची एक बारीक साखळी लोंबत असते, ती नळीतून खाली पाण्यात बुडालेली असायची, आणि मास्टर नुसते त्या साखळीकडे बघत उभे. साखळीच्या टोकाशी आधी एखाददुसरा बुडबुडा, मग ओळीने भराभर बुडबुडे सुटायला लागले की मगच भांडं सरळ करून दाबायचे. मला वाटायचं ही त्यांची सवय. घरी मी पण तसंच करत आले, कारण त्यांना तसं करताना बघितलं होतं. आईने ते न करता भांडं आधीच दाबलं, म्हणून कोमट पाणी वर आलं. म्हणजे उत्तर त्या तिरक्या भांड्यात होतं.

रात्री आई झोपल्यावर मी पुन्हा मांडामांड केली. या वेळी स्वयंपाकाचा थर्मामीटर घेऊन.

चंबूत ३६० मिली पाणी घातलं तरी वर थोडी जागा उरते, माझ्या चंबूत साधारण दीडशे मिली. ती रिकामी दिसते पण तिच्यात हवा आहे. भांडं दाबून बसवलं की वॉशरमुळे ही हवा कोंडली जाते. आता पाण्याला बाहेर जायला एकच वाट, नळी, आणि नळीचं तोंड चंबूच्या तळाशी पाण्यात बुडालेलं. हवा तापली की फुगायला बघते. वरून बाहेर पडायला जागा नाही, म्हणून ती पाण्याच्या पृष्ठभागावर दाबते, आणि दाबलेलं पाणी नळीतून वर जातं. याला किती जोर लागतो? आपल्या डोक्यावरची सगळी हवा मिळून जेवढा दाब देते तेवढ्यावर पाणी साधारण दहा मीटर चढतं. माझ्या नळीत त्याला चढायचंय जेमतेम पंधरा सेंटीमीटर. म्हणजे हवेच्या दाबाच्या दीड टक्का जास्त झालं की पुरे. कुकरची शिट्टी व्हायला आत जवळपास हवेच्या अख्ख्या दाबाएवढा जादा दाब लागतो, सायफनला त्याच्या साठाव्या-सत्तराव्या भागाएवढा. म्हणून तो काचेचा असून फुटत नाही, आणि वरचं भांडं तर उघडंच असतं. एवढा किरकोळ दाब कोंडलेल्या हवेला पाच-दहा अंश तापवलं तरी मिळतो, त्यात पाण्याची थोडी वाफही हातभार लावते. चाळिशीच्या आसपासच माझ्या नळीतलं पाणी वरच्या फिल्टरपर्यंत पोचलं. आईचं बोट बरोबर होतं. सुरुवातीचं ढकलणं मुख्यतः हवा करत होती, उकळीची वाफ नाही.

पण हवेने सगळं पाणी वर जात नाही, आणि हा भाग कळला तेव्हा मी ओट्यापाशी उभ्याउभ्या हसले. पाणी वर गेलं की खालची जागा वाढते. दीडशे मिलीतली हवा आता हळूहळू पाचशे मिलीत पसरणार. जागा तिपटीहून जास्त झाली की तिचा दाब तिसऱ्या हिश्श्यावर येतो, तापल्यामुळे थोडा परत वाढतो, पण एकटी हवा काही पाणी वर धरून ठेवू शकत नाही. उरलेले दोन हिस्से वाफेने भरून काढावे लागतात. आणि पाण्याची वाफ कुठल्या तापमानाला किती दाब देणार हे ठरलेलं असतं, त्यात घासाघीस नाही. पन्नास अंशाला ती हवेच्या दाबाच्या आठव्या हिश्श्याएवढीच असते, ऐंशीला जवळजवळ निम्मी, आणि नव्वदीजवळ आली की दोन तृतीयांश. माझा पुण्यातला हिशोब, इथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा थोडा कमी, तो धरून ८७-८८ अंशाला बसतो. थर्मामीटर चंबूत घालता येत नाही म्हणून वरच्या भांड्यात धरला होता, तिथे शेवटचं पाणी येईपर्यंत आकडा ८५ च्या जरा वर होता, काचेने थोडी उष्णता खाल्ली असणार. पाणी कुठेही उकळलेलं नव्हतं. उकळायच्या दहा अंश आधीच सगळा प्रवास संपला होता.

मग मास्टरांचं तिरकं भांडं काय करतं? तर त्या उघड्या फटीतून तापणारी हवा निघून जाते आणि तिची जागा वाफ घेते. साखळीला भराभर बुडबुडे लागले म्हणजे पाणी उकळीच्या तोंडाशी आलंय, चंबूत आता हवा नावापुरती, वाफच वाफ. त्या क्षणी भांडं दाबलं की पाणी एका दमात वर जातं, अर्ध्या मिनिटात, आणि वर पोचतं तेच नव्वदच्या पुढचं. आधीच दाबलं तर पहिलं पाणी चाळीस अंशाचं, मधलं साठ-सत्तरचं, शेवटचं पंच्याऐंशीचं, आणि वर पूड आधीच घातलेली असेल तर ती इतका वेळ कोमट पाण्यात भिजत पडते, चव फुळकवणी लागते, थोडी ओल्या पुठ्ठ्यासारखी. साखळीचं अजून एक काम आहे. काच गुळगुळीत असते, तिच्यावर बुडबुडा धरायला जागा मिळत नाही, मग पाणी उकळीच्याही वर तापून अचानक धडका देतं. मण्यांच्या खाचांत बुडबुडे सहज सुटतात, उकळी शांत येते. मी एकदा घाईत साखळी वरच्या भांड्यातच गुंडाळलेली राहू दिली होती, तेव्हा चंबू स्टँडवर असा हिसडला की माझ्या हातातला चमचा पडला.

आईचा दुसरा आक्षेप होता, "वर उकळतीये ना कॉफी, कडू होईल." तिच्या कॉफीचा नियमच तसा आहे. दुधात उकळलेली, साखर सढळ, वर जायफळ किसून, आणि दूध वर यायच्या आत उतरवलेली. आमच्या घरात पाहुण्याला कॉफी म्हणजे ती, आजारी माणसाला रात्रीची कॉफी म्हणजे ती, आणि मला परीक्षेच्या पहाटे मिळायची ती पण तीच. पूड जास्त उकळली की कडवट होते हे तिला चाळीस वर्षं माहितीये. पण वरच्या भांड्यात जे खदखदताना दिसतं ती उकळी नाही. नळीचं तोंड चंबूच्या तळापासून थोडं वर असतं, त्यामुळे दोन-तीन चमचे पाणी खाली उरतंच, ते उकळत राहतं आणि त्याची वाफ नळीतून वर येऊन कॉफीतून बुडबुडत जाते. कॉफी स्वतः नव्वद-ब्याण्णवला असते. दिवा बारीक केला की ते खदखदणंही निवतं, नुसती एखादी बुडबुड्यांची रेघ राहते, आणि तापमान तिथेच टिकून राहतं. ही टिकण्याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वरून गरम पाणी ओतून करायच्या कुठल्याही पद्धतीत पाणी पडल्या क्षणापासून गार होत जातं, इथे खालून शेगडी चालू आहे.

मी २४ ग्रॅम पूड घेते, बारीक रव्याएवढी दळलेली, आणि पाणी वर आल्यावरच घालते. पट्टीने दाबून दाबून सगळी पूड ओली करायची, गोल फिरवायचं नाही. मग पंचेचाळीस सेकंद ते एक मिनिट हात बाजूला. काचेतून तीन थर दिसायला लागतात, वर फिकट फेस, मध्ये फुगलेली पूड, खाली लालसर काळं पाणी. फेसाचा थर दिसलाच नाही तर बिया जुन्या आहेत हे चव घेण्याआधी कळतं. मिनिट झालं की दिवा काढायचा आणि एकदाच हलक्या हाताने गोल ढवळायचं.

आणि मग थोडा वेळ काहीच होत नाही.

मला हे थांबणं सगळ्यात आवडतं. खाली चंबूत वाफ भरलेली आहे, दिवा गेलाय, काच गार व्हायला लागलीये. वाफेचं परत पाणी होतंय, आणि वाफेचं पाणी झालं की तिची जागा जवळजवळ मोकळी होते. नुसत्या दहा अंशांनी गार झालं तरी आतला दाब एक तृतीयांशाने उतरतो. आपण गरम भाजी डब्यात भरून लगेच झाकण लावतो आणि दुपारी ऑफिसात डबा उघडता उघडत नाही, नखं मोडतात, तेच. झाकण आतून कुणी ओढत नसतं, बाहेरची हवा ते वरून दाबत असते. इथे पण कॉफी खाली खेचली जात नाही, आपल्या खोलीतली हवा उघड्या भांड्यावरून तिला खाली दाबते. (आणि म्हणून सायफन हे नाव खरं तर चुकीचं आहे, रॉकेलच्या डब्यातून नळीने तेल काढायचे तो सायफन वेगळा.) खाली येणारी कॉफी स्वतः गरम असल्याने चंबू फार गार होऊ शकत नाही, पोकळी एका मर्यादेतच राहते, तरी फिल्टरवर जो जोर पडतो तो कॉफी नुसत्या वजनाने ठिबकताना पडतो त्याच्या कितीतरी पट असतो. तीस-चाळीस सेकंदांत सगळं खाली. शेवटी पुडीतून हवा घुसते आणि चंबूत सोनेरी फेसाचे बुडबुडे उसळतात, एक घरघर येते. ते ऐकलं की संपलं.

चव स्वच्छ का, याचं माझं उत्तर या तीस-चाळीस सेकंदांत आहे. दळताना रव्यासारख्या कणांबरोबर पिठासारखा भुगा पण होतोच, कितीही चांगलं यंत्र असो. फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे पाण्यातली पूड जाळीने खाली दाबायच्या भांड्यात, धातूच्या जाळीतून हा भुगा कपात येतो, जिभेवर पिठूळ लागतो, आणि कपात असताना पण तो अर्क सोडतच राहतो, म्हणून शेवटचा घोट पहिल्यापेक्षा कडू. सायफनमध्ये खाली सुती कापड आहे, आणि त्याच्याही आधी पुडीचा थर आहे. ते शेवटचं गोल ढवळणं केलं की पूड मध्ये ढिगासारखी बसते, जाड कण खाली दाबले जातात आणि भुगा त्यांच्यातच अडकतो. पूडच पुडीला गाळते. आणि कॉफी झपकन खाली गेल्यावर पूड वर, कॉफी खाली, दोघांची भेट संपली. अर्क निघायला नेमकी सुरुवात आहे आणि नेमका शेवट आहे. कागदी फिल्टर भुगा तर अडवतोच पण कॉफीचं तेलही बरंचसं पिऊन टाकतो, कापड त्यातलं काही सोडतं, म्हणून कप स्वच्छ असूनही पाणचट लागत नाही, रेशमासारखा काहीतरी मऊपणा उरतो. मी दुसऱ्या दिवशी आईसमोर चिकमगळूरच्या एकाच पाकिटातल्या बिया दोन्हींत केल्या आणि काचेच्या पेल्यांत ओतून खिडकीत धरल्या. प्रेसची कॉफी मातकट, पलीकडचं काही दिसेना. सायफनची कोऱ्या चहासारखी लालबुंद, तिच्यातून खिडकीचे गज दिसत होते.

हे सगळं नीट जुळलं तरच. पूड जास्त बारीक दळली तर थर चिकटतो, कॉफी अर्ध्यात अडकते, दीड-दोन मिनिटं लागली तर कडवटपणा आलाच समजायचा. ओलं फडकं चंबूला लावून घाई करता येते पण त्याने मुळातली चूक सुधारत नाही. वॉशरला चीर असेल तर पाणी वर अर्धवट जातं आणि खाली तर धड येत नाही, कारण पोकळी टिकत नाही. फिल्टरचा हूक नळीच्या तोंडाला नीट अडकला नसेल तर कापड एका बाजूने उचललं जातं आणि सगळा गाळ चंबूत. चंबू बाहेरून ओला असताना दिवा लावला तर काच तडकू शकते, हे मी एक चंबू घालवून शिकले.

पण सगळ्यात जास्त त्रास मला कापडाने दिला. टोकियोतून आल्यावर पहिला महिनाभर माझी कॉफी बिघडलेली लागायची, प्रत्येक घोटामागे एक जुनाट वास. बिया बदलल्या, पाणी बदललं. मी कापड धुऊन दोरीवर वाळत घालत होते, स्वच्छ राहावं म्हणून. आईला मी हे सांगितलं तर तिने ते जुनं कापड नाकाशी नेलं आणि लगेच म्हणाली, "खवट झालंय, खोबरं होतं तसं." धाग्यांत राहिलेलं कॉफीचं तेल वाळताना हवा लागून खवट होतं, आणि पुढच्या गरम पाण्यात तो वास उतरतो. आई चक्क्याचं फडकं वापरून झालं की लगेच थंड पाण्यात टाकते, साबण लावत नाही, साबणाचा वास दह्याला लागतो म्हणते. मास्टरांच्या काउंटरखाली पण पाण्याचा एक डबा असायचा, त्यात कापडं बुडवलेली, मला तेव्हा वाटलं धुवायला टाकलीयेत. आता माझं कापड फ्रीजमध्ये पाण्यात असतं, पाणी रोज बदलते, आणि नवीन कापड आधी उकळून घेते.

आईला मी हवा आणि वाफेचा हिशोब सांगितला तेव्हा तिने शांतपणे ऐकून घेतलं. डब्याच्या झाकणाशी आल्यावर मान हलवली. कॉफी तिने काळीच प्यायली, साखर न घालता, मला वाटलं माझं मन राखायला. पहिला घोट घेऊन म्हणाली फार गरम आहे, काही कळत नाही. ते खरंय, ही कॉफी खूप गरम उतरते. कप बाजूला ठेवून तिने मेथी निवडायला घेतली. वीस मिनिटांनी मधेच उचलून प्यायली आणि थांबली. "आंबूस आहे गं, पण छान. कोकमासारखं मागे काहीतरी राहतं." मग कप उजेडाकडे तिरका करून तळ बघितला, बोट फिरवून बघितलं, आणि बोट मला दाखवलं. काही नव्हतं त्याच्यावर.

आज सकाळी मी अंघोळीला गेले होते. बाहेर आले तर स्वयंपाकघरात दिवा लावलेला, वरचं भांडं चंबूवर तिरकं टेकवलेलं, आणि आई चष्मा लावून ओट्याशी वाकून उभी. "थांब, घाई करू नको," ती वर न बघता म्हणाली, "साखळीला अजून दोनच बुडबुडे आलेत."